अर्ज एकच, पण बोलणारे दोन

पत्र : ताई, जुन्या हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर माझं नाव ‘पार्वती’ आहे, पण ऑनलाइन सातबाऱ्यावर ‘पर्वती’ झालंय. त्यामुळे बँकेत पीककर्ज अडलंय. तहसीलदारांना द्यायला मी अर्ज लिहिला. नमुना मिळाला होता, त्यात माझं घातलं. भाऊ वाचून म्हणाला, अर्धा अर्ज कोर्टाच्या कागदासारखा आहे आणि अर्धा फोनवर बोलल्यासारखा. मला ते जाणवतंय, पण नेमकं कुठे बिघडलंय ते पकडता येत नाही. सगळाच अवघड भाषेत लिहू का? अर्ज असा आहे :

*मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. विषय : सातबाऱ्यावर नाव चुकलंय त्याबाबत. महोदय, स.न.वि.वि. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, मी खाली सही करणार सदरहू मिळकतीची खातेदार असून आपले आदेशान्वये संगणकीकरण झालेले आहे. त्यात माझं नाव पार्वतीचं पर्वती झालंय. टायपिंग मिस्टेक आहे. मी ३ जूनला आणि १७ जूनला ऑफिसला आले होते तर तो क्लार्क म्हणाला तलाठ्याकडे जा, तलाठी म्हणतो तहसीलला जा. मी आपला अर्ज तलाठ्याकडे पण दिलाय. तुम्ही लोक नुसत्या चकरा मारायला लावता. बँक कर्ज देत नाही. तरी सदरहू दुरुस्ती करण्यात यावी ही नम्र विनंती, प्लीज लवकर करा. कळावे, लोभ असावा.*

उत्तर :

पार्वतीताई, सगळा अर्ज अवघड भाषेत लिहू नका. तुमच्या अर्जात जे बोलीत आहे, तेच कामाचे आहे. नाव कोणते होते, कोणते झाले, तुम्ही कोणत्या तारखांना गेलात, कर्ज का अडले, हे सारे तिथेच आहे. नमुन्यातून आलेल्या पहिल्या दोन ओळींत मात्र तुम्ही खातेदार आहात, यापलीकडे एकही उपयोगी गोष्ट नाही. म्हणून खालचा मजकूर वरच्या पायरीवर नेऊ नका. नमुन्याची भाषा खाली आणायची, बोलीतले वाक्य थोडे वर न्यायचे आणि दोन्ही साध्या, नेटक्या लेखी मराठीत एकत्र आणायची.

असे का, ते सांगते. तुमचा अर्ज आधी आवक टेबलावर जातो. तिथे त्याला आवक क्रमांक पडतो आणि तुमचा विषय नोंदवहीत उतरवला जातो. मग अर्ज ज्यांच्याकडे हा विषय आहे त्या कर्मचाऱ्यांकडे पोहोचतो, आणि ते तहसीलदारांसाठी टिपणी लिहितात : ‘अर्जदार यांचे म्हणणे असे की...’ यापुढचे वाक्य त्यांना तुमच्या अर्जातून घ्यायचे असते. ‘माझं नाव पार्वतीचं पर्वती झालंय’ हे टिपणीत जसेच्या तसे उतरवता येत नाही आणि ‘आपले आदेशान्वये संगणकीकरण झालेले आहे’ यातून उतरवण्यासारखे काही हाती लागत नाही. उचलून टिपणीत ठेवता येईल असे वाक्य लिहायचे, हीच तुमच्या अर्जाच्या भाषेची कसोटी धरा.

आता बिघाड कुठे आहे ते पाहू. लोकांना वाटते, ‘ऑफिस’च्या जागी ‘कार्यालय’ लिहिले की अर्ज औपचारिक झाला. शब्द बदलणे हे शेवटचे आणि सोपे काम आहे. वाचणाऱ्याला धक्का बसतो तो सर्वनामाने आणि क्रियापदाने. तुमच्या अर्जात समोरचे अधिकारी एकदा ‘आपण’ आहेत, एकदा ‘तुम्ही लोक’. त्यांना केलेली विनंती एकदा ‘करण्यात यावी’ अशी आहे, लगेच पुढे ‘लवकर करा’. आणि लिहिणारी व्यक्ती तर मध्येच बदलते. ‘सादर करतो’ म्हणणारा पुरुष नमुन्यातून आला आहे आणि ‘आले होते’ म्हणणाऱ्या तुम्ही आहात. हे फार वेळा घडते, कारण हातोहात फिरणारे बहुतेक नमुने पुरुष अर्जदार धरून लिहिलेले असतात. बायका ते उतरवून घेतात आणि ‘करतो’, ‘राहतो’, ‘खाली सही करणारा’ तसेच राहून जाते.

म्हणून पहिले वाक्य लिहिण्याआधी तीन गोष्टी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा : मी, आपण, करावे. म्हणजे स्वतःसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘मी’. मध्येच ‘अर्जदार’, मध्येच ‘आम्ही’ नाही. समोरच्या अधिकाऱ्यांसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘आपण’. आणि विनंती ‘करावे, द्यावे, कळवावे’ या रूपात. ‘करा, द्या, सांगा’ ही रूपे समोरासमोर बोलताना आदराचीच असतात, पण अर्जात ती हुकमासारखी वाचली जातात. ‘प्लीज’ जोडून ती मऊ होत नाहीत. ‘करण्यात यावी’ चुकीचे नाही, पण त्यात करणारा कोण हे लपते. कार्यालय आपल्या हाताखालच्यांना आदेश देते तेव्हा ते रूप शोभते. तुम्हाला एका अधिकाऱ्यांकडून एक काम हवे आहे, तेव्हा ‘आपण ही चूक दुरुस्त करावी, ही विनंती’ हे जास्त सरळ आहे.

‘आपण’ वापरताना एक खाचखळगा आहे. मराठीत ‘आपला’ हा शब्द समोरच्याचा आणि स्वतःचा असा दोन्ही अर्थांनी चालतो. तुम्ही लिहिले आहे, ‘मी आपला अर्ज तलाठ्याकडे पण दिलाय.’ तुमच्या मनात आहे ‘माझा अर्ज’. पण ज्या पत्रात ‘आपण’ म्हणजे तहसीलदार, तिथे ‘आपला अर्ज’ वाचून क्षणभर वाटते की तहसीलदारांचे काही पत्र तुम्ही तलाठ्यांना नेऊन दिले. म्हणून जे तुमचे आहे तिथे ‘माझा, माझी, माझे’ एवढेच लिहा. ‘मी आपल्या कार्यालयात आले होते’ यात अडचण नाही, कारण अर्जदाराचे कार्यालय असण्याचा प्रश्न नसतो. अर्ज, जमीन, नाव, कागदपत्रे यांच्या आधी मात्र ‘आपला’ येऊ देऊ नका.

तिसऱ्या व्यक्तीचा आदरही इथेच बघून घ्या. ‘तो क्लार्क म्हणाला’, ‘तलाठी म्हणतो’ ही एकेरी रूपे आहेत. तुमच्या मनात अपमान नव्हता, आपण घरी असेच सांगतो. पण अर्ज त्याच कार्यालयातले लोक वाचणार आहेत. एका बाजूला ‘मा. तहसीलदार साहेब’ आणि दुसऱ्या बाजूला ‘तो क्लार्क’, यामुळे सगळा आदर फक्त खुर्चीपुरता आहे असे दिसते. ‘लिपिकांनी सांगितले’, ‘तलाठ्यांनी सांगितले’ असे लिहा. व्यक्तीवर बोट ठेवायचे नसेल तर ‘मला सांगण्यात आले’ हेही चालते. कर्ता लपवणारे हे रूप विनंतीत मी टाळायला सांगितले, पण इथे ते उपयोगी आहे.

यानंतर शेपट्या. ‘झालं, केलं, दिलं, माझं’ आणि ‘झालंय, दिलाय, चुकलंय’. बोलण्यात ही रूपे बरोबर आहेत, पण लेखी मजकुरासाठी मराठीत या बाबतीत नियम आहे. १९७२ च्या शासनमान्य लेखनविषयक नियमांत स्पष्ट म्हटले आहे की पात्राच्या तोंडचे बोलणे लिहिताना ‘असं केलं, मी म्हटलं’ असे अनुस्वार देऊन लिहावे आणि इतर ठिकाणी ‘असे केले, मी म्हटले’ असे एकारान्त लिहावे. तुमचा अर्ज कुणा पात्राचे बोलणे नाही, तेव्हा ‘माझे नाव’, ‘झाले आहे’, ‘दिला आहे’. जोडून म्हटलेले ‘झालंय’ सोडवून ‘झाले आहे’ लिहायचे, ‘दिलाय’चे ‘दिला आहे’ करायचे. या एका बदलानेच तुमच्या अर्जाचा मधला भाग एकदम जागेवर येईल, एकही अवघड शब्द न घालता. अनेकवचनाकडेही लक्ष ठेवा : ‘कागदपत्रं’ नाही, ‘कागदपत्रे’. आणि निम्मे इकडे, निम्मे तिकडे असे करू नका. एका ओळीत ‘माझे नाव’ आणि पुढच्या ओळीत ‘माझं खातं’ असे आले, तर सगळीकडे बोलीत लिहिण्यापेक्षाही ते जास्त डोळ्यांत येते.

नमुन्यातल्या शब्दांचे काय करायचे? मी ते काढायला सांगते ते जुने वाटतात म्हणून नाही. ते तुमच्या तोंडी चुकीची माहिती घालतात म्हणून. ‘आपले आदेशान्वये संगणकीकरण झालेले आहे’ याचा अर्थ होतो, या तहसीलदारांनी आदेश काढला आणि त्यानुसार संगणकीकरण झाले. असा आदेश तुम्ही पाहिलेला नाही. ‘अन्वये’ म्हटले की वाचणारा आदेशाचा क्रमांक आणि दिनांक शोधू लागतो. ‘सदरहू मिळकत’ म्हणजे आधी उल्लेख केलेली मिळकत. पण तुम्ही आधी कुठल्याच मिळकतीचा उल्लेख केला नाही, गावाचे नाव आणि गट क्रमांक अर्जात कुठेच नाही. भारदस्त शब्दाने ती जागा अडवली आणि खरी माहिती राहून गेली. ‘सदरहू’ ज्या ज्या ठिकाणी आहे, तिथे स्वतःला विचारा : कोणती? मग त्या उत्तराने ती जागा भरा.

एक शब्द मात्र मी तुम्हाला खात्याचा घ्यायला सांगेन. ‘टायपिंग मिस्टेक’च्या जागी ‘लेखनप्रमाद’. हा भरजरी वाटला तरी महसूल कार्यालयात रोजच्या वापरातला शब्द आहे आणि त्याच्या मागे कायदा उभा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये अधिकार अभिलेखातील, म्हणजे सातबाऱ्यासारख्या हक्काच्या नोंदींतील, लेखनाच्या चुका दुरुस्त करण्याची तरतूद आहे. तुमचा विषय वाचताच अर्ज कोणत्या गठ्ठ्यात जायचा ते त्या शब्दाने ठरते. मात्र हा शब्द तेव्हाच लिहा, जेव्हा जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर आणि ज्या फेरफाराने तुमचे नाव लागले त्या फेरफारात ‘पार्वती’च आहे. अर्ज देण्याआधी फेरफाराची नक्कल काढून डोळ्यांनी बघा. तिथेही ‘पर्वती’ असेल तर चूक संगणकावर उतरवताना झालेली नाही, मुळातली आहे. मग खालचा मजकूर तुमच्या उपयोगाचा नाही, अर्ज वेगळ्या पद्धतीने लिहावा लागेल.

बाकी शब्द पटकन उरकू. ऑफिसचे कार्यालय, क्लार्कचे लिपिक, झेरॉक्सची छायाप्रत. ‘ऑनलाइन’ ठेवलात तरी चालेल, मी ‘संगणकीकृत’ लिहिले आहे कारण तुमच्या अर्जात हस्तलिखिताशी तुलना आहे. ‘यांचे सेवेशी’ नको, ‘साहेब’ही नको, पदाच्या आधी ‘मा.’ आहे तेवढा आदर पुरतो. तहसीलदार महिला असतील तर ‘महोदया’. ‘स.न.वि.वि.’ आणि ‘कळावे, लोभ असावा’ ही दोन्ही ओळखीच्या माणसाच्या पत्रातली आहेत. मैत्रिणीला पत्र लिहिताना ती हवीतच, पण ज्या अधिकाऱ्यांकडे तुमचा हक्काचा अर्ज आहे त्यांच्याकडे लोभ मागायचा नसतो.

आता राहिले ते सगळ्यात नाजूक वाक्य : ‘तुम्ही लोक नुसत्या चकरा मारायला लावता.’ तुमचा राग रास्त आहे. दोन कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवले आणि पेरणीच्या दिवसांत तुमचे कर्ज अडले. पण बघा, अर्जाची भाषा जिथे फुटली तिथेच त्याचा हेतूही बदलला आहे. आधी तुम्ही एक काम मागत होता, इथे तक्रार सुरू झाली. नीट निरखलेत तर पुष्कळ अर्जांत भाषेची शिवण इथेच उसवलेली दिसते, कारण एका कागदात दोन अर्ज कोंबलेले असतात. दुरुस्तीच्या अर्जात फक्त दुरुस्ती ठेवा. चकरांची गोष्ट काढू नका, तिला तारखांच्या रूपात ठेवा. ३ जून आणि १७ जून या दोन तारखा ‘नुसत्या चकरा’पेक्षा जास्त जोरात बोलतात, आणि त्या नाकारता येत नाहीत. कुणाविरुद्ध तक्रार करायचीच असेल तर ती वेगळ्या कागदावर, तहसीलदारांच्या वरच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करा. तिथेही भाषा हीच : मी, आपण, करावे.

तुमचा अर्ज मी असा लिहीन. कंसातल्या जागा तुमच्या कागदांवरून भरा.

*दिनांक : (...)*

*प्रति,*
*मा. तहसीलदार,*
*तहसील कार्यालय, (तालुका), जिल्हा (...)*

*विषय : मौजे (गाव) येथील गट क्रमांक (...) च्या संगणकीकृत सातबाऱ्यावर माझ्या नावात झालेला लेखनप्रमाद दुरुस्त करण्याबाबत.*

*महोदय,*

*मी मौजे (गाव) येथील गट क्रमांक (...) ची खातेदार आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर आणि फेरफार क्रमांक (...) मध्ये माझे नाव ‘पार्वती’ असे आहे. संगणकीकृत सातबाऱ्यावर ते ‘पर्वती’ असे झाले आहे. माझ्या आधार कार्डावर ‘पार्वती’ असे नाव असल्यामुळे दोन्ही कागदांवरील नावे जुळत नाहीत. या कारणाने बँकेने माझे पीककर्ज थांबवले आहे.*

*या दुरुस्तीसाठी मी ३ जून व १७ जून रोजी आपल्या कार्यालयात आले होते. त्या वेळी मला तलाठी कार्यालयात जाण्यास सांगण्यात आले. तलाठी कार्यालयात मी (दिनांक) रोजी माझा अर्ज दिला आहे. तेथे मला तहसील कार्यालयात अर्ज करण्यास सांगण्यात आले.*

*तरी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ नुसार आपण माझ्या नावातील ही चूक दुरुस्त करून ‘पार्वती’ अशी नोंद करावी, ही विनंती. पीककर्ज यावर अवलंबून असल्याने हे काम शक्य तितक्या लवकर व्हावे. आणखी कागदपत्रे आवश्यक असल्यास कृपया मला कळवावे.*

*आपली विश्वासू,*
*(सही, पूर्ण नाव, पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक)*

*सोबत : हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल, संगणकीकृत सातबारा, फेरफाराची नक्कल, आधार कार्डाची छायाप्रत, तलाठी कार्यालयात दिलेल्या अर्जाची प्रत.*

यात घाई आहे, पण ‘प्लीज लवकर करा’ नाही. ‘शक्य तितक्या लवकर व्हावे’ याच्या आधी घाईचे कारण आले आहे, म्हणून ते रेटल्यासारखे वाटत नाही. ‘तरी’ मी मुद्दाम ठेवला. मराठी अर्जात विनंतीच्या वाक्याआधी येणारा हा शब्द वाचणाऱ्याला सांगतो की हकीकत संपली, आता मागणी. तो जपा, पण एकदाच वापरा.

तुम्ही स्वतः लिहिलेला कागद तपासायचा असेल तर प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा आणि फक्त ते शब्द वरून खाली वाचा. तुमच्या आधीच्या अर्जात ते असे येतात : झालेले आहे, झालंय, आहे, तहसीलला जा, दिलाय, लावता, देत नाही, लवकर करा, लोभ असावा. नव्या अर्जात : खातेदार आहे, असे आहे, झाले आहे, जुळत नाहीत, थांबवले आहे, आले होते, सांगण्यात आले, दिला आहे, सांगण्यात आले, विनंती, व्हावे, कळवावे. पहिल्या यादीत सूर कुठे घसरतो ते तुम्हाला लगेच ऐकू येईल. मग दुसऱ्यांदा फक्त सर्वनामे वाचा आणि ‘तुम्ही’, ‘तुमच्या’, ‘आम्ही’ कुठे शिल्लक नाही ना, ते पाहा. तिसऱ्यांदा ‘करतो’ आणि ‘करते’ शोधा. भावाला मोठ्याने वाचायला सांगितलेत तर आणखी बरे, त्याचा कान चांगला आहे.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या. पुढच्या वेळी चौकशीला जाल किंवा स्मरणपत्र लिहाल तेव्हा विषयाखाली ‘संदर्भ : माझा दिनांक (...) चा अर्ज, आवक क्रमांक (...)’ अशी एक ओळ घाला. मग सगळी हकीकत पुन्हा लिहावी लागणार नाही.